सर्ज्याचं तोंड घोड्यासारखं काऊन आलं? फोनच्या तीन लेन्स आणि पोळ्याचे फोटो

मागच्या पोळ्याला भाच्यानं बैलाचा फोटो पाठवला आणि लगेच फोनही केला. "मामा, सर्ज्याचं तोंड पाहा ना, घोड्यासारखं आलं. शिंगं त दिसूनच नाही राहिली." त्या शिंगांना त्यानं दोन दिवस खपून रंग दिला होता, वर बेगड चिकटवली होती. फोटोत मात्र भलंमोठं ओलं नाक होतं आणि मागं कुठंतरी दोन काड्या.

उजेड चांगला होता, हातही हलला नव्हता. फोटो `0.6x` वर काढला होता आणि भाचा बैलापासून दीड फुटावर उभा होता, एवढंच.

तालुक्याच्या गावी माझा छोटा स्टुडिओ आहे. लोक फोनमधले फोटो घेऊन येतात आणि भिंतीवर लावायला मोठे करून मागतात. फोनच्या पडद्यावर सगळेच फोटो झकास दिसतात. बारा बाय अठरा इंचाचा कागद छापून बाहेर आला की मग कळतं, कोणता फोटो कोणत्या लेन्सनं काढलाय. त्यामुळे पोळ्याच्या एका दिवसाच्या निमित्तानं हे सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, पडद्यावरचे `0.6x`, `1x`, `3x` हे आकडे एकाच कॅमेऱ्याचे लहानमोठे झूम नाहीत. प्रत्येकामागे वेगळा कॅमेरा आहे. त्याची लेन्स वेगळी, आणि लेन्सच्या मागं बसलेला उजेड टिपणारा तुकडा, म्हणजे सेन्सर, तोही वेगळा. `1x` म्हणजे मुख्य कॅमेरा. कंपनी सगळ्यात जास्त पैसा त्यावरच घालते. `0.6x` किंवा `0.5x` म्हणजे अल्ट्रावाइड, जास्त पसारा एका चौकटीत घेणारा. `3x` किंवा `5x` म्हणजे टेलिफोटो, लांबचं जवळ आणणारा, पण फोनला ती लेन्स खरोखर असेल तरच. भाच्याच्या फोनला मागं तीन गोल आहेत. दुकानदारानं "तीन कॅमेरे" म्हणून विकला. त्यातला तिसरा दोन मेगापिक्सेलचा 'मॅक्रो' निघाला. टेलिफोटो नाहीच. पंधरा-वीस हजारांच्या बहुतेक फोनांत हीच गत असते, म्हणून मागचे गोल मोजून फोन घेऊ नये.

नाक मोठं का येतं

लोकांना वाटतं, अल्ट्रावाइड चेहरा बिघडवते. खरं तर चेहरा बिघडवतं ते अंतर. बैलाच्या नाकापासून शिंगांच्या बुडापर्यंत साधारण दीड फूट लांबी धरा. भाचा नाकापासून दीड फुटावर होता, म्हणजे शिंगं त्याच्यापासून तीन फुटांवर. नाकापेक्षा दुप्पट अंतरावर असलेली वस्तू फोटोत निम्मी दिसणार, म्हणून शिंगं निम्मी झाली. आता तोच नऊ फुटांवर उभा राहिला असता तर नाक नऊ फुटांवर आणि शिंगं साडेदहा फुटांवर. नऊ आणि साडेदहात फरक किती? सहावा हिस्सा. डोळ्याला तो जाणवतही नाही, बैल बैलासारखा दिसतो.

मग अल्ट्रावाइडचा दोष काय? ती तुम्हाला जवळ जायला लावते. `0.6x` वर सगळं लहान दिसतं, म्हणून माणूस पुढं सरकतो, आणि सरकता सरकता बैलाच्या नाकाला भिडतो. कडेला असलेली वस्तू ओढल्यासारखी लांबट करते, हा तिचा स्वतःचा दोष. लग्नातल्या गटफोटोत टोकाला उभ्या असलेल्या काकूंचा दंड फुगलेला येतो तो त्यामुळेच.

नऊ फुटांवरून मुख्य कॅमेऱ्यात मात्र बैलाचं तोंड लहान येतं. इथं एक ठोकताळा उपयोगी पडतो. फोन आडवा धरला तर मुख्य कॅमेरा अंतराच्या जवळपास दीडपट रुंदी घेतो, अल्ट्रावाइड सव्वादोन ते अडीचपट, आणि `3x` ची टेलिफोटो अंतराच्या निम्मी. म्हणजे नऊ फुटांवरून मुख्य कॅमेऱ्यात साडेतेरा फूट मावतील: बैल, शेजारचा बैल, बैलाचा मालक आणि त्याच्या मागची मोटारसायकल. `3x` मध्ये साडेचार फूट मावतील, म्हणजे बाशिंग, शिंगं आणि गळ्यातली घुंगरमाळ, एवढंच. पाहिजे तेवढंच.

"पण माह्या फोनले `3x` नाही ना मामा!" बरोबर आहे. त्यानं `2x` वापरावं. पन्नास मेगापिक्सेलच्या मुख्य कॅमेऱ्यात एकूण पाच कोटी ठिपके असतात. एरवी फोन शेजारशेजारच्या चार ठिपक्यांचा एक करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. `2x` दाबलं की चांगला फोन सेन्सरचा फक्त मधला चौथा हिस्सा घेतो, पण ठिपके एकत्र न करता सुटे वाचतो. तिथंही साडेबारा मेगापिक्सेलच मिळतात, म्हणून दिवसाउजेडी `2x` चा फोटो जवळजवळ `1x` इतकाच स्वच्छ येतो. नऊ फुटांवरून पावणेसात फूट रुंदी मिळेल. एक-दोन फूट पुढं गेलं तरी चालेल, सातव्या फुटापर्यंत नाक हद्दीत राहतं. संध्याकाळी मात्र हा डाव फसतो. एरवी चार ठिपके मिळून जेवढा उजेड जमवतात, त्याच्या चौथाईवर तेव्हा एकेकट्या ठिपक्याला भागवावं लागतं, आणि काळ्या बैलाच्या अंगावर रवा सांडल्यासारखे दाणे येतात.

`2x` च्या पुढं फुकट काही मिळत नाही. `10x` वर फोन पाच कोटींतला शंभरावा भाग वापरतो, म्हणजे पाच लाख ठिपके, आणि बाकीचं चित्र स्वतःच्या अंदाजानं रंगवतो. मागं एकानं देवळाच्या कळसाचा असा फोटो मोठा करायला आणला होता. कागदावर कळसाची नक्षी ओल्या भिंतीवर चुना पसरावा तशी आली. मी पैसे घेतले नाहीत.

घमेलं आणि पेला

पोळ्याचा फोटो अवघड का, तर कार्यक्रमच उजेड उतरताना असतो. ऑगस्टचा शेवट नाहीतर सप्टेंबरची सुरुवात, आभाळ भरलेलं, आणि आमच्याकडं साडेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. पाच वाजता बैल तोरणाखाली येतात, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, रंगतात, पोळा फुटेस्तोवर सहा वाजून जातात. मग बैल घरोघरी, दारात ओवाळणी, तोवर अंधार. या दोन तासांत तिन्ही लेन्सची लायकी उघडी पडते.

पावसात अंगणात एक घमेलं ठेवा आणि एक पेला ठेवा. मुसळधार पडला तर दोन्ही भरतील, फरक कळणार नाही. भुरभुर असेल तर घमेल्यात ओंजळभर पाणी जमेल आणि पेल्याचा तळ नुसता ओला होईल. फोनचा मुख्य सेन्सर म्हणजे घमेलं. अल्ट्रावाइडचा सेन्सर पेला. भाच्याच्या फोनासारख्या मधल्या किमतीच्या फोनात मुख्य सेन्सरचं क्षेत्रफळ अल्ट्रावाइडच्या पाचपट तरी असतं. त्यात लेन्सचं तोंडही लहान: मुख्यचं `f/1.8`, अल्ट्रावाइडचं `f/2.2`. हा आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, आणि या दोघांत उजेडाचा फरक दीडपट पडतो. पाच गुणिले दीड, म्हणजे सात-साडेसात पट. एकाच जागी, एकाच क्षणी मुख्य कॅमेऱ्याला जेवढा उजेड मिळतो, त्याच्या सातव्या हिश्श्यावर अल्ट्रावाइडला फोटो उभा करावा लागतो. टेलिफोटोचा हिशोब फोनागणिक बदलतो. माझ्या फोनात तिला मुख्यच्या साधारण पाचवा हिस्सा मिळतो.

पाच वाजता हा फरक दिसत नाही. ढग असले तरी उजेड भरपूर असतो, म्हणून अल्ट्रावाइडचं जे काय काम असेल ते तेव्हाच उरकून घ्यायचं. आमच्या गावात पोळा मारुतीच्या देवळापुढं भरतो. बैलांची रांग साठेक फुटांची होते, आणि समोर तीस फुटांवर ग्रामपंचायतीची भिंत. साठ फूट मुख्य कॅमेऱ्यात घ्यायचे तर चाळीस फूट मागं जायला पाहिजे, तेवढी जागाच नाही. `0.6x` वर सव्वीस-सत्तावीस फुटांत काम होतं. ही अल्ट्रावाइडची खरी जागा: मागं सरकायला वाव नाही आणि पसारा मोठा आहे.

त्यात दोन गोष्टी पाळायच्या. फोन खाली-वर न झुकवता सरळ धरायचा, नाहीतर विजेचे खांब आणि देवळाचे खांब आतल्या बाजूला कलतात, जणू देऊळ मागं पडतंय. आणि रांगेच्या टोकाला ओळखीचं माणूस उभं असेल तर फोन थोडा फिरवून त्याला मधल्या भागात आणायचं. टोकाला तोरणाचा बांबू राहू द्या. तो लांबट झाला तर कोणाची तक्रार येत नाही.

पोळा फुटतो त्या क्षणी मी फक्त `1x` वापरतो. बैल उधळतात, माणसं पळतात, धूळ, गुलाल. पळणारा बैल गोठवायचा तर फोटो सेकंदाच्या अगदी लहान हिश्श्यात टिपला गेला पाहिजे, आणि तेवढ्या वेळात पुरेसा उजेड गोळा करणं घमेल्यालाच जमतं. दुसरं कारण लेन्स-स्थिरता. बऱ्याच मुख्य कॅमेऱ्यांत हाताचा कंप खाऊन टाकणारी सोय असते, अल्ट्रावाइडला सहसा नसते. ही सोय फक्त तुमचा हात सांभाळते, बैलाची मान नाही. सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्यात हात स्थिर राहील, पण बैलानं माशी झटकायला मान हलवली की दोनाची चार शिंगं होणारच.

लबाड टेलिफोटो

माझा फोन जुना घेतलेला आहे, पण त्याला खरी `3x` लेन्स आहे. झडत्या म्हणणाऱ्याचा चेहरा, कासरा धरलेल्या म्हाताऱ्याचे हात, बैलाच्या डोळ्याशी लोंबणारा गोंडा, हे सगळं लांबून, कोणाला कळू न देता टिपायला ती लेन्स फार गोड. लांबून काढल्यानं माणूस सावध होत नाही आणि नाक-कानाचं प्रमाणही बरोबर राहतं.

पण ही लेन्स तुम्हाला न सांगता रजेवर जाते. उजेड कमी झाला की फोन ठरवतो, पेल्यापेक्षा घमेलं बरं, आणि `3x` असं पडद्यावर दाखवत मुख्य कॅमेऱ्याचाच मधला तुकडा कापून मोठा करून देतो. जवळच्या वस्तूचंही तसंच. टेलिफोटोला फार जवळ नजर लागत नाही. माझीला दोन-अडीच फुटांच्या आत काही दिसत नाही, आणि तिथंही फोन गुपचूप मुख्य कॅमेरा लावतो.

हे पकडायची युक्ती साधी. `3x` दाबा आणि मागच्या टेलिफोटोच्या गोलावर बोट ठेवा. पडदा अंधारला तर खरी लेन्स चालू आहे. चित्र जसंच्या तसं राहिलं तर मुख्य कॅमेरा काम करतोय. फोटो काढून झाल्यावर गॅलरीत त्याचा तपशील उघडूनही कळतं. माझ्या फोनात मुख्यचा आकडा `f/1.8`, टेलिफोटोचा `f/2.4`. मागच्या वर्षी साडेसहानंतर `3x` वर काढलेले अकरा फोटो मी तपासले, त्यातल्या नऊंवर `f/1.8` होतं. म्हणजे मी `3x` च्या भरवशावर लांब उभा राहिलो आणि हाती आला कापलेला तुकडा. त्यापेक्षा सहा पावलं पुढं गेलो असतो तर तोच चेहरा पूर्ण मुख्य सेन्सरवर आला असता.

तेव्हापासून सूर्य मावळला की मी `3x` विसरतो. दारातली ओवाळणी, ताटात निरांजन, बैलाच्या कपाळावर कुंकू: `1x` लावायचा आणि पाच-सहा फुटांवर उभं राहायचं. अंगण लहान असेल तर मोह होतो, `0.6x` लावून सगळं घर घ्यावं. घेऊन पाहा, निरांजनाच्या उजेडात आजीचं लुगडं आणि मागची भिंत एकाच चिखलाच्या रंगाची दिसेल. घ्यायचंच असेल तर फोन ओट्यावर टेकवा, रात्रीचा मोड लावा आणि सगळ्यांना दोन-तीन सेकंद गप उभं करा. बैल तेवढा वेळ ऐकेल याची हमी मी देत नाही.

जाता जाता रंगाचं सांगतो. तिन्ही कॅमेरे लाल रंग सारखा दाखवत नाहीत. एकच झूल `1x` वर कुंकवासारखी आणि `0.6x` वर विटेसारखी येऊ शकते. छापताना ते जुळवायला मला वेळ लागतो. एकाच चौकटीत लावायचे फोटो असतील तर एकाच लेन्सनं काढा.

पऱ्हाटीतली डोमकळी

पोळ्याच्या सुमारास पऱ्हाटी फुलावर असते, आणि गुलाबी बोंडअळीची पहिली खूण म्हणजे डोमकळी, पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेलं फूल. भाच्यानं तिचा फोटो कृषी सहायकाला पाठवायला काढला, तो 'मॅक्रो'वर, दोन मेगापिक्सेलच्या त्या तिसऱ्या गोलानं. आला निळसर धुरळा. मग अल्ट्रावाइडनं जवळ जाऊन पाहिलं. स्वस्त फोनातल्या अल्ट्रावाइडची नजर एका अंतरावर कायमची बांधलेली असते, जवळचं स्पष्ट करायची सोयच नाही. मागचा धुरा लख्ख, आणि कळी पुसट. महाग फोनांत अल्ट्रावाइडला जवळची नजर असते आणि तिथं तीच एक इंचावरून अळीचे पाय दाखवते. म्हणजे एकाच नावाची लेन्स, दोन फोनांत दोन स्वभावाची.

मी त्याला म्हणालो, मुख्य कॅमेरा लाव, फोन वीतभर मागं धर आणि `2x` दाब. मुख्य कॅमेऱ्यालाही चार-सहा इंचांच्या आत नीट दिसत नाही, म्हणून जवळ जाण्यापेक्षा थोडं मागं राहून `2x` बरं. नऊ इंचांवरून साधारण पावणेसात इंच रुंदी येते, दोन इंचांची कळी चौकटीत व्यवस्थित बसते. एक फोटो मिटलेल्या कळीचा, एक पाकळ्या उकलून आतल्या अळीचा. शेजारी बोट ठेव, म्हणजे पाहणाऱ्याला आकार कळतो. सकाळी, वारा सुटायच्या आत.

संध्याकाळी दोन्ही फोटो आले. डोमकळीच्या पाकळीवरचा दवसुद्धा दिसत होता. त्यांच्यामागं तिसरा फोटो होता, सर्ज्याचा, गोठ्याच्या दारात, `2x` वर. झूल काढून ठेवली होती, शिंगांवरची बेगड अर्धी निघाली होती. पण शिंगं जेवढी आहेत तेवढी होती, आणि नाक नाकाएवढं. खाली लिहिलं होतं: "मामा, हा मोठा करून ठेवजा. बाबा पैसे देतीन."

ह्याचे पैसे मी घेतले.